डिपॉझिटातून वळतं करा, मालक!

सोलापुरात रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे एकमेकांना 'मालक' म्हणतात. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या आमच्या घरमालकांना मी मालक म्हणायचो आणि तेही मला मालकच म्हणायचे. यातला खरा मालक कोण, ते एप्रिलमध्ये कळलं.

अकरा महिन्यांचा करार मेअखेर संपत होता. भाडं 8,000, डिपॉझिट 30,000. आधीच्या घराचं डिपॉझिट "देतो की" यातच विरघळलं होतं, म्हणून यंदा मी हुशारी केली. "काका, शेवटचे दोन महिने डिपॉझिटातून वळते करा."

काकांच्या हातातली शेंगाचटणीची पुडी तशीच राहिली. "म्हंजे माझ्याकडं उरले चौदा. तुम्ही मेभर कूलर लावणार, बिल येणार जूनमध्ये. टाकीचा कॉक तुटला, भिंतीला भोकं पडली, तर कोणाला धरू? आणि एक तारखेला गेलाच नाहीत तर?"

माझा साडू वकील. त्याला विचारलं, तर म्हणाला, "करार वाचलास का?" सही करताना कोण वाचतं? त्यात स्पष्ट होतं: अनामत मासिक भाड्यात वळती करता येणार नाही, ताबा दिल्यावर बिलं वजा करून परत मिळेल. साडू म्हणाला, "वळतं करायला कायद्याची बंदी नाही, पण तसा तुझा हक्कही नाही. कराराचा शब्द चालतो. कलम नसतं तरी डिपॉझिट परत मिळायचं ते किल्ली दिल्यावर. त्याआधी भाडं थांबवलंस तर ती थकबाकी. तुझ्या लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदतीनंतर राहिलास, तर भाडं नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट रक्कम मागता येते."

"म्हणजे काका मला बाहेर काढणार?"

"कुलूप लावून किंवा लाइट-पाणी तोडून नाही. रीतसर अर्जच करावा लागतो." पाणी तोडण्याची भीती मला नव्हतीच. आमच्याकडं ते काम महापालिका करते, चार-चार दिवस.

शेवटी तोड निघाली. एप्रिलचं भाडं मी दिलं. मेचं वळतं करायला काकांनी कराराच्या मागच्या पानावर लिहून सही दिली, मीही केली. नुसत्या तोंडी 'हो'चा उपयोग नाही, हे साडूनं बजावलं होतं.

31 मेला दोघं घरभर फिरलो. काकांना अख्ख्या हॉलचा रंग हवा होता. माझं म्हणणं, कॅलेंडरच्या खिळ्याला रंगाचं बिल लावू नका, वापरानं होतं तेवढं होतंच. भोकं मी लांबीनं बुजवली होती, बोटानं दाबून दाखवली. मग मीटरचा फोटो काढून अंदाजे 2,200 बिल धरलं. 30,000 मधून 8,000 आणि 2,200 गेले. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात मोबाइल. 19,800 जमा झाल्याचा आवाज आला, तेव्हाच किल्ली सोडली.

जूनमध्ये काकांचा फोन. "मालक, बिल 2,260 आलं. वरचे साठ आता कशातून वळते करू?"