अवतरणाबाहेरचा हुकूम

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो. एका सोमवारी साहेबांना मेल टाकला: साहेब, दर आजच मंजूर करा हा मेल कृपया पाहावा.

‘दर आजच मंजूर करा’ हा पुरवठादाराच्या मेलचा विषय होता. साहेबांनी ‘करा’पर्यंतच वाचलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

“हुकूम सोडायला कधीपासून लागलात?”

“साहेब, हुकूम पुरवठादाराचा आहे, माझा नाही.”

“मग त्याला अवतरणात कोंडा ना! मोकाट का सोडलात?”

तेव्हापासून विषय जसाच्या तसा उचलायचा आणि अवतरणात ठेवायचा. “माल कधी उचलणार?” हा मेल पाहिलात का? इथे प्रश्नचिन्हं दोन दिसतात, पण पहिलं पुरवठादाराचं आहे, म्हणून ते आतच राहतं. ते खोडायचा मला अधिकार नाही.

फाइलचं दुखणं वेगळं. मी स्टोअर्सला लिहिलं होतं, Rates_Oct_Final.xlsxमध्ये दुरुस्ती आहे. मराठीचा प्रत्यय नावाला डिंकासारखा चिकटतो. स्टोअर्सच्या काकांनी माउसने नाव उचललं ते ‘मध्ये’सकट, आणि शोधात टाकलं. अर्ध्या तासाने फोन आला, “अहो, ‘मध्ये’वाली फाइल कुठंच नाही!”

जोडचिन्ह टाकून बघितलं, तर काका जोडचिन्हही उचलू लागले. शेवटी तोडगा सोपा निघाला: “Rates_Oct_Final.xlsx” या फाइलमध्ये दुरुस्ती आहे. प्रत्ययाचं ओझं ‘फाइल’ने वाहायचं, नावाला धक्का नाही. अवतरणही मुद्दाम दुहेरी. कीबोर्डवरचं सरळ दुहेरी अवतरण विंडोज फाइलच्या नावात घेऊच देत नाही, त्यामुळे ते नावाचा भाग असल्याची शंकाच उरत नाही. एकेरी चिन्ह मात्र नावात चालतं, म्हणजे काकांच्या हातात कोलीत. ‘खरेदी धोरण’ अशा दस्तऐवजाच्या शीर्षकाला मी एकेरीच ठेवतो. ‘केसरी’त, ‘खरेदी धोरणा’त असं लिहायची आपल्या छापखान्यांची जुनी सवय आहे, आणि शीर्षक कोणी शोधपेटीत डकवत नाही.

इंग्रजी मेलमध्ये नाव हमखास वाक्याच्या टोकाला येतं आणि पूर्णविराम .xlsx च्या शेपटीला लागतो. अमेरिकी छपाईची रीत पाळली तर तो अवतरणाच्या आतच शिरतो, मग तो नावातला की वाक्यातला, कोण सांगणार? म्हणून असल्या मेलमध्ये मी तो बाहेर ठेवतो. मराठीत क्रियापद शेवटी बसत असल्याने फाइलनावाला पूर्णविराम सहसा भेटतच नाही. शाळेत व्याकरणाच्या तासाला हा फायदा कोणी सांगितला नव्हता.

परवा साहेबांना सगळी चिन्हं जागच्या जागी लावून मेल पाठवला: “दर आजच मंजूर करा” या मेलसोबत आलेली “Rates_Oct_Final.xlsx” ही फाइल तपासून मिळावी.

उत्तर आलं: मंजूर

पूर्णविराम नाही, अवतरण नाही. दर मंजूर की माझी अवतरणं, हे विचारायला मी केबिनबाहेर उभा आहे.