पासबुकात नुसतं २८,७००

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, १ ऑक्टोबरला, पासबुक छापून घेतलं आणि त्या मशीनसमोर तशीच उभी राहिले. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं तिमाही व्याज जमा, रुपये २८,७००. अहो, माझे ४१,००० यायला हवेत! मुद्दल २० लाख, दर ८.२ टक्के, वर्षाचे १,६४,०००, त्याचे चार भाग केले की ४१,०००. खातं उघडताना जो दर असतो तो पाच वर्षं हलत नाही, त्यामुळे हा आकडा मला घरच्या पत्त्यासारखा पाठ आहे. एप्रिलमध्ये ४१,००० आले, जुलैत ४१,००० आले, आणि आता २८,७००. बाकीचे १२,३०० गेले कुठे? पासबुकात एक अक्षर नाही. ‘SCSS INT’ आणि पुढे रक्कम. संपलं.

दुसऱ्या दिवशी दसरा आणि गांधी जयंती, बँक बंद. सणाच्या दिवशी झेंडूची तोरणं करताना माझ्या डोक्यात तेवढा एकच आकडा फिरत होता. ३ तारखेला बँक उघडायच्या वेळी दारात हजर. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, टीडीएस कापलाय. सिस्टीमने कापलाय.” मी म्हटलं, किती कापलाय ते तरी सांग. तर म्हणे, “दहा टक्के असतो.” अरे बाबा, ४१,००० चे दहा टक्के ४,१००. कापायचाच होता तर ३६,९०० जमा व्हायला हवे होते. २८,७०० हे कसले दहा टक्के? त्याने स्क्रीनकडे बघितलं, खांदे उडवले आणि म्हणाला, “२६एएसमध्ये बघा, तिथे दिसेल.” २६एएस म्हणजे आयकराच्या साइटवरचं आपल्या कापलेल्या कराचं पान.

हिशेब शेवटी मीच घरी बसून लावला, आणि माझा खरा संताप इथून सुरू होतो. ४१,००० मधून २८,७०० गेले, राहिले १२,३००. हे १२,३०० म्हणजे १,२३,००० चे दहा टक्के. आणि १,२३,००० म्हणजे एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर, तिन्ही हप्ते मिळून! एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा वर्षाला एक लाख झाली. आधी ती ५०,००० होती. एप्रिलमध्ये माझे ४१,००० झाले, जुलैत ८२,०००, दोन्ही वेळा मर्यादेच्या आत. ऑक्टोबरच्या हप्त्याने बेरीज लाखाच्या वर गेली आणि यांच्या संगणकाने मागच्या दोन हप्त्यांचा करसुद्धा याच हप्त्यातून एकदम ओढून घेतला. काही बँका वर्षाचा अंदाज धरून पहिल्या हप्त्यापासून थोडा थोडा कापतात, इथे तसं झालं नाही. ठीक आहे, पण मग त्या ओळीत ‘व्याज ४१,०००, कर १२,३००, जमा २८,७००’ एवढं छापायला काय जातं? बँकेच्या संगणकाला हे तिन्ही आकडे माहीत आहेत, त्याशिवाय तो कापेल कसा? माहीत असून आम्हाला दाखवत नाहीत, याचा राग आहे.

या आकडेमोडीत आणखी एक गोष्ट हाती लागली. २ एप्रिलला जमा झालेलं व्याज हे जानेवारी ते मार्चचं. मग ते जुन्या आर्थिक वर्षात धरायचं की नव्या, हा घोळ दरवर्षी असतो. काही ठिकाणी ३१ मार्चची नोंद करतात, काही ठिकाणी जमा झाल्याच्या तारखेची. माझ्या बँकेने ते नव्या वर्षात धरलं, हे मला कोणी सांगितलं नाही. तीन हप्त्यांवर कर कापला गेला म्हणून कळलं. स्वतःच्याच व्याजाचं वर्ष कोणतं, हे कापलेल्या करावरून ओळखावं लागतंय!

आणि मुळात माझा कर कापायचाच नव्हता. माझ्या उत्पन्नावर कर बसत नाही, टीडीएस कापू नका, असं सांगणारा फॉर्म १५एच मी ४ एप्रिलला भरून दिला होता. शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. कुटुंबनिवृत्तिवेतन महिन्याला १८,०००, म्हणजे वर्षाचे २,१६,०००. त्यात हे व्याज धरलं तर ३,८०,०००. बचत खात्याचं दोन-तीन हजार व्याज घातलं तरी चार लाखांच्या आत. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत करच नाही. मग कापलं कशासाठी? ६ तारखेला मॅनेजरसाहेबांपर्यंत गेले, अर्धा तास बसले, तेव्हा निदान झालं. माझं बचत खातं एका कस्टमर आयडीवर आणि ही योजना दुसऱ्याच कस्टमर आयडीवर. २०२३ मध्ये खातं उघडताना तिथल्याच कोणीतरी नवा आयडी तयार केला होता. १५एच नोंदवला गेला बचत खात्याच्या आयडीवर. योजनेच्या खात्याला त्याचा पत्ताच नाही. पॅन तोच, नाव तेच, सही तीच. कर कापताना पॅन बरोबर सापडतो आणि फॉर्म लावताना सापडत नाही?

मी म्हटलं, साहेब, चूक तुमच्याकडची, पैसे परत जमा करा. ऑक्टोबरमध्ये कापलेला कर सरकारकडे भरायला ७ नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. मी ६ ऑक्टोबरला समोर बसले होते. पूर्ण महिना हातात होता. उत्तर काय, तर “काकू, एकदा कापलेलं आम्हाला परत फिरवता येत नाही, रिटर्न भरा, रिफंड मिळेल.” ज्या बाईला रिटर्न भरायची गरजच नव्हती, तिने आता केवळ यांच्या घोळापायी रिटर्न भरायचं. त्या रिफंडवर सरकार व्याज देतं, पण ते धरतं पुढच्या १ एप्रिलपासून. ऑक्टोबर ते मार्च माझे १२,३०० पडून राहिले त्याचं काय? माझ्यासाठी ते दोन-अडीच महिन्यांचं औषधपाणी आणि वीजबिल आहे. तिमाही व्याजावर घर चालवणाऱ्या माणसाला “पुढच्या वर्षी मिळेल” हे किती सहज सांगतात ही माणसं!

आणि त्या ‘२६एएसमध्ये बघा’चं ऐका. १ ऑक्टोबरची कपात ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीत जाते. त्या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र बँकेने भरायची मुदत ३१ जानेवारी. म्हणजे चार महिने मी रोज उघडून बघितलं असतं तरी तिथे काही दिसलं नसतं. हे त्या काउंटरवर कोणी सांगितलं नाही. मी नोव्हेंबरमध्ये दोनदा आणि डिसेंबरमध्ये एकदा भाचीला बसवून बघितलं, कोरं पान. मला वाटलं, पैसे खाल्ले. रात्र रात्र झोप नाही. आणि जानेवारी ते मार्चमध्ये ज्यांचं कापलं जातं त्यांना तर ३१ मेपर्यंत थांबावं लागतं, कारण त्या विवरणपत्राची मुदत तीच.

शेवटी फेब्रुवारीत दिसलं. ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी लिहिते, कारण मला हे कोणी धड सांगितलं नव्हतं. incometax.gov.in वर लॉग-इन करून e-File, त्यात Income Tax Returns, त्यात View Form 26AS. तिथून ते दुसऱ्या साइटवर नेतं. तिथे Assessment Year विचारतात. आपलं व्याज २०२५-२६ चं असेल तर तिथे 2026-27 निवडायचं. मी आधी 2025-26 निवडून मागच्याच वर्षाचं पान बघत बसले होते. मग पहिल्याच भागात बँकेचं नाव, जमेची तारीख, रक्कम आणि कर. माझ्या ओळीत १,२३,००० आणि पुढे १२,३००. शेजारी F हे अक्षर आहे ना ते बघा. F म्हणजे भरणा जुळला. U असेल तर बँकेने दाखवलेलं आणि सरकारकडे पोचलेलं जुळत नाही, आणि मग बँकेचीच मानगूट धरायची.

जानेवारीत माझे पूर्ण ४१,००० जमा झाले, कारण फॉर्म तोवर योग्य आयडीला लावून घेतला होता, आणि लावल्याचा स्क्रीन स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नव्हते. पण मी भांडले म्हणून. जे भांडत नाहीत त्यांचं काय?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू ऐंशीला आल्यात. त्यांचे योजनेत १० लाख. तिमाहीला २०,५०० यायला हवेत, पण त्यांच्या खात्यात दर वेळी १८,४५० यायचे. दर तिमाहीला २,०५० कापले जात होते आणि त्यांना वाटायचं, व्याजच एवढं. पासबुकात ते एकच आकडा छापून येतो, मग त्यांनी तरी काय ओळखायचं? २०२५ च्या एप्रिलपासून मर्यादा एक लाख झाली, त्यांचं वर्षाचं व्याज ८२,०००, म्हणून कपात थांबली आणि २०,५०० यायला लागले. तर त्या मला आनंदाने सांगत आल्या, “अगं, सरकारने व्याज वाढवलं बघ!” मला रडायला आलं. एकट्या २०२४-२५ मध्ये त्यांचे ८,२०० गेले, त्याच्या आदल्या वर्षीचे वेगळे. त्यांचं उत्पन्न करपात्र नाही, रिटर्न त्यांनी कधी भरलं नाही, आणि उशिराच्या रिटर्नची ३१ डिसेंबरची मुदतही गेली. मुदतीनंतर भरायचं जे अद्ययावत रिटर्न असतं त्यात रिफंड मागता येत नाही. आता उरला आयकर खात्याकडे विलंब माफ करा म्हणून अर्ज. ऐंशी वर्षांच्या बाईने स्वतःच्याच पैशांसाठी माफी मागायची!

मी काल बँकेत लेखी अर्ज दिला. माझ्या खात्यावरच्या प्रत्येक तिमाही जमेचं एकूण व्याज, कापलेला कर आणि निव्वळ रक्कम वेगळी छापून द्या, आणि खालच्या काकूंच्या मागच्या दोन वर्षांची टीडीएसची प्रमाणपत्रं, फॉर्म १६ए, द्या. त्यांचा अर्ज त्यांच्या सहीने वेगळा जोडलाय. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, ठेवून जा, बघतो.” मी ठेवून आले नाही. दोन्ही प्रतींवर शिक्का, तारीख आणि त्याची सही घेतली, तोवर रांग माझ्यामागे खोळंबली होती. रांगेतल्या तिघांच्या हातात तसलंच पासबुक होतं. त्यांनी तिथेच उघडून ऑक्टोबरची ओळ शोधायला घेतली.