बीपीची गोळी बंद करायची नसते, बदलायची असते

"बाळाचा विचार सुरू केलात की बीपीच्या गोळ्या आधी बंद करा, त्या बाळाला घातक असतात. नाहीतरी दिवस गेल्यावर बीपी आपोआप उतरतं. आणि डॉक्टरांनी गोळी बदलली, तर आधीची चुकीचीच होती."

असा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो. यातला घातकपणा खरा आहे, पण तो सगळ्या गोळ्यांना लागू नाही. मुख्य अडचण आहे ती नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असणाऱ्या गोळ्यांची: एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन. शरीरातल्या ज्या रसायनसाखळीला अडवून त्या आईचं बीपी उतरवतात, तिच्याच आधारावर बाळाची मूत्रपिंडं घडतात आणि चालतात. चौथ्या महिन्यानंतर गर्भजल बहुतांशी बाळाच्या लघवीतूनच बनतं. मूत्रपिंड मंदावलं की पाणी घटतं, आणि पाणी कमी पडलं की फुप्फुसं नीट वाढत नाहीत. हा धोका मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढचा. पण दिवस गेल्याचं कळायलाच काही आठवडे जातात, म्हणून बदल आधी केलेला बरा. ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही. स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा, कारण एकाच गोळीत दोन औषधंही असतात.

लॅबेटालॉल, हळूहळू विरघळणारी निफेडिपिन आणि मेथिलडोपा या गोळ्या गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात आहेत.

समजा, एका बाईंचं बीपी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमवर १२८/८२ राहतं आणि त्यांना दमाही आहे. लॅबेटालॉलने श्वासनळ्या आवळू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी निफेडिपिन. गर्भनिरोधक थांबवण्याआधीच गोळी बदलायची आणि काही आठवडे घरी सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवायचं. १४०/९० च्या वर जात राहिलं तर डोस वाढवायचा. डोकेदुखी, चेहरा लाल होणं, पायांना सूज हे निफेडिपिनचे नेहमीचे त्रास आहेत. पण पुढे गरोदरपणात अशी डोकेदुखी किंवा सूज आली, तर गोळीवर ढकलण्याआधी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासावं.

बीपी मधल्या महिन्यांत उतरतं, हे बरोबर. शेवटच्या महिन्यांत ते पुन्हा चढतं, हे मात्र सोयीस्करपणे गाळलेलं असतं. २०२२ साली अमेरिकेत सुमारे २,४०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत बीपी १४०/९० च्या खाली ठेवलेल्या गटात गंभीर प्रीक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून मूत्रपिंडासारख्या अवयवांना इजा करणारा आजार, फार लवकर करावी लागणारी प्रसूती यांसारख्या गुंतागुंती सुमारे ३० टक्के जणींत झाल्या. ज्यांना बीपी फार वाढल्यावरच औषध दिलं, त्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होतं. औषधामुळे बाळं जास्त प्रमाणात लहान निघाली नाहीत.

आधीची गोळी चुकीची होती म्हणणं तर अगदीच अन्यायाचं. मधुमेहात लघवीतून प्रोटीन जात असेल, तर आईचं मूत्रपिंड वाचवायला 'प्रिल' किंवा 'सार्टन' गोळीच उत्तम. अशा काही जणींना डॉक्टर चाचणी पॉझिटिव्ह येईपर्यंत ती चालूही ठेवतात आणि लगेच थांबवतात. त्यासाठी पाळी चुकताच चाचणी करावी लागते. बाळंतपणानंतर तर एनालाप्रिल स्तनपान करतानाही दिली जाते, आणि उलट मेथिलडोपा बदलतात, कारण तिने मन उदास होऊ शकतं.