हळू वाचणाऱ्या मुलाला कायमचं हळू कसं ठेवावं

परवा माझ्या टाचणवहीत लाल शाईने शेरा पडला: ‘तोच उतारा चार वेळा कशासाठी? पुनरावृत्ती टाळावी. नावीन्य हवे.’ साहेबांचं निरीक्षण नेहमीसारखं दारातूनच झालं होतं. तरी मी धडा घेतला. सहावी-सातवीतल्या अडखळत वाचणाऱ्या मुलांची उपचारात्मक तासिका आखणाऱ्यांनी तो माझ्याकडून फुकट घ्यावा.

सर्वात आधी उतारा भरपूर लांब निवडा. शंभरेक शब्दांचा, एका बैठकीत संपणारा उतारा दिला, तर मुलाला ‘आपण वाचून संपवलं’ असा भ्रम होण्याची भीती असते. त्यापेक्षा सहावीच्याच पुस्तकातला तीन पानी धडा द्या, म्हणजे प्रत्येक ओळीत दोन-तीन शब्दांवर तो ठेचकाळेल. शंभरातले नव्वदहून अधिक शब्द पहिल्याच फेरीत बरोबर आले तरच उतारा सरावाच्या लायकीचा, असं म्हणणाऱ्यांना उद्दिष्टं उंच ठेवता येत नाहीत.

मग रांगेने एकेक ओळ वाचायला लावा. बाकीची मुलं आपली ओळ कोणती येणार ते मोजत बसतात. तेवढाच गणिताचा सराव.

मूल चुकलं की सगळ्या वर्गाकडून एका सुरात दुरुस्त करून घ्या.

आणि सर्वात महत्त्वाचं, तोच उतारा पुन्हा वाचू देऊ नका. एस. जे. सॅम्युएल्स नावाच्या संशोधकाने 1979 मध्ये तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचून घेण्याची पद्धत मांडली, पण त्यांना नावीन्याची जाण नसावी. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुलाचं सगळं लक्ष शब्द उलगडण्यात खर्ची पडलं, तर अर्थासाठी काही उरत नाही. ‘प्रश्न’मधला ‘श्न’ सोडवेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरून जाते. दुसऱ्या फेरीत तो ‘श्न’ ओळखीचा असतो. तिसऱ्या फेरीत शब्द गटाने येतात, स्वल्पविरामाला आवाज थांबतो. चौथ्या फेरीत मूल वाचता वाचता हसतं, कारण उताऱ्यात विनोद होता हे त्याला आत्ता कळलं! यात कुठे आलं नावीन्य, नाही का? त्यावर ठरलेला आक्षेप असतो: ‘पाठ झालं असेल.’ अहो, मग तपासा ना. उताऱ्यातल्या मधल्याच शब्दावर बोट ठेवून विचारा. पाठ केलेल्याला मागची ओळ म्हणत यावं लागतं, वाचणाऱ्याला नाही. आणि खरी परीक्षा तर पुढच्या, न पाहिलेल्या उताऱ्याच्या पहिल्या फेरीत होते. त्यात आधीचे बरेच शब्द पुन्हा आले तर फरक जास्त दिसतो, म्हणून दोन उतारे एकाच विषयावरचे घ्यायचे. हे माझ्या टाचणात लिहिलेलं होतं. त्याच पानावर. शेऱ्याच्या बरोबर वर.

उपरोध पुरे झाला. एका मुलाची नोंद सांगते. शंभर शब्दांच्या उताऱ्याला पहिल्या फेरीत 150 सेकंद लागले आणि आठ शब्द चुकले. म्हणजे 92 बरोबर शब्द भागिले 150, गुणिले 60. मिनिटाला साधारण 37 शब्द. मग मी एकदा वाचून दाखवलं, त्याने बोट फिरवत ऐकलं. चुकलेले आठ शब्द वेगळे काढले, तर पाच रफाराचे निघाले. तेवढेच घटवून घेतले. चौथ्या फेरीला 90 सेकंद, चुका दोन, मिनिटाला 65. पुढचा नवा उतारा त्याने पहिल्याच फेरीत मिनिटाला 44 शब्दांनी वाचला. त्याने स्वतःच्या हाताने आलेखावर ठिपका दिला, आणि तो आलेख भिंतीवर नाही, त्याच्या वहीत राहिला. सगळ्या वर्गासमोर स्टॉपवॉच धरलं की मूल पूर्णविराम गिळून धावतं. म्हणून प्रत्येक उताऱ्यानंतर ‘काय झालं यात?’ हे विचारायचंच. वेग वाढला आणि उत्तर आलं नाही, तर पुढचा उतारा द्यायचा नाही.

ज्याला अक्षर-मात्राच जुळत नाहीत, त्याला हे औषध लागू पडत नाही. त्याला आधी ते शिकवावं लागतं. पण तुम्ही दोघांना एकाच बाकावर बसवता, एकच धडा देता आणि वर्षाअखेरीस ‘प्रगती समाधानकारक’ लिहिता. जरा लाज वाटू द्या. त्या मुलाशेजारी वीस मिनिटं बसा, पहिल्या आणि चौथ्या फेरीत त्याचा आवाज ऐका, मग लाल पेन उघडा. आणि ही तासिका दर वेळी स्नेहसंमेलनाच्या तालमीला देऊन टाकायचं आधी बंद करा.