निनावी शेऱ्याचा धनी शोधताना

अभिनंदन! तुमचा थ्री-सिक्स्टी फीडबॅक आला. साहेब, सहकारी आणि हाताखालची माणसं, सगळ्यांनी तुम्हाला गुण दिलेत. ती पानं उलटा आणि थेट शेऱ्यांवर या. तिथे ते वाक्य सापडेलच: ‘स्वतःला फार शहाणे समजतात..’ झालं, अहवाल वाचून संपला.

आता तपासाला लागा. वाक्याशेवटी दोनच टिंबं कोण देतं? जुने मेल काढा. रजा कुणाची नाकारली होती, आठवा. ओळख झाकली जावी म्हणून तीनपेक्षा कमी माणसांच्या गटाचे गुण सहसा वेगळे दाखवत नाहीत. शेरे मात्र बऱ्याचदा जसेच्या तसे छापतात, त्यामुळे तुमची सोयच झाली. संध्याकाळपर्यंत आरोपी निश्चित होईल. तो बहुधा भलताच असेल, तरी त्याच्याशी तुटक वागायला लागा. पुढच्या वर्षी सगळेच ‘उत्तम’ लिहितील.

‘ऐकून घेणे’ या रकान्यात हाताखालच्या पाच जणांनी मिळून पाचपैकी सरासरी 3.4 दिलेत? (स्वतःला तुम्ही 5 दिले होते, ते जाऊ द्या.) म्हणा, एकाच्या खुनशीपणामुळे सरासरी घसरली. चौघांनी 4 आणि एकाने 1 दिला असेल, तर तुमचं बरोबरच आहे. पण तिघांनी 3 आणि दोघांनी 4 दिले, तरी सरासरी 3.4च येते. मग वैरी कुणीच नसतो. बहुतेकांचं थोडं थोडं बिनसलेलं असतं. कुणी किती गुण दिले याची विभागणी सरासरीशेजारी छापली असेल, तर त्यावर अंगठा ठेवा.

उरले मिळमिळीत शेरे. ‘बैठकीआधीच निर्णय ठरलेला असतो.’ ‘सूचना मागतात, पुढे तिचं काय झालं ते कळत नाही.’ ‘आमचं वाक्य संपायच्या आत उत्तर येतं.’ पहिला सहकाऱ्यांचा, बाकीचे दोन हाताखालच्यांचे. एकही झोंबत नाही, म्हणजे बिनकामाचे. चुकूनही ते एकाखाली एक लिहून शेजारी ‘कुठल्या गटाने’ आणि ‘नेमकं कधी’ असे रकाने पाडू नका. तसं केलंत तर दोन गटांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच तक्रार केली आहे, हे दिसेल. तुमच्या लाडक्या शेऱ्यापुढचा ‘नेमकं कधी’चा रकाना मात्र कोरा राहील, कारण त्यात प्रसंगच नाही, नुसता स्वभावावर शिक्का आहे. त्यावर करण्यासारखं काही नसतं. आणखी वाईट म्हणजे, ही त्याच तक्रारीची चिडलेली आवृत्ती असावी, अशीही शंका येईल. मग निर्णय घेण्याआधी दोन माणसांना विचारावं लागेल, एवढं साधं काम गळ्यात पडेल.

त्यापेक्षा सगळ्यांची बैठक बोलवा. ‘मी कुणाचं ऐकून घेत नाही, असं कुणाला वाटतं? मोकळेपणाने सांगा,’ असं विचारा. कुणी तोंड उघडलंच, तर त्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्या.