प्युरिफायरचं पाणी नाक धुवायला का चालत नाही: ग्राहकाच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ग्राहकाचा रिव्ह्यू (दोन तारे): "बाटली ठीक आहे, पण कटकट फार. पुड्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, फक्त उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. सकाळी ऑफिसच्या घाईत पाणी उकळून गार होईपर्यंत कोण थांबणार? आमच्याकडे चांगला प्युरिफायर आहे, घरातले सगळे तेच पाणी पितात. शिवाय त्यात तुमचं मीठ घालतोच की. फोन केला तर 'नाही चालणार' एवढंच सांगितलं. उगाच घाबरवता लोकांना."

नमस्कार,

फोनवर तुम्हाला मिळालेलं उत्तर बरोबर होतं, पण त्यामागचं कारण दोन वाक्यांत मावणारं नाही. तुमच्यासारखाच विचार करणारे बरेच जण असतात, म्हणून ते इथे सगळ्यांसमोर नीट मांडतो.

पिण्याचं पाणी पोटासाठी सुरक्षित असतं. त्यात एकही जीव नसतो असा त्याचा अर्थ नाही. क्लोरीन घातलेल्या, गाळलेल्या पाण्यातही थोडे सूक्ष्मजीव उरू शकतात, आणि ते गिळले तर पोटातलं आम्ल त्यांचा निकाल लावतं. यातलाच एक अमीबा म्हणजे नेग्लेरिया फाउलेरी. तो गोड्या, कोमट पाण्यात राहतो. ग्लासातून पोटात गेला तर काहीही होत नाही. नाकात गेला तर गोष्ट वेगळी. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला एक पातळ हाड आहे, चाळणीसारखी बारीक भोकं असलेलं. वास ओळखणाऱ्या नसांचे धागे त्या भोकांतून मेंदूकडे जातात. अमीबा त्याच वाटेने वर चढतो आणि मेंदूचा दाह सुरू करतो. नाक धुताना आपण एका नाकपुडीतून बाटलीभर पाणी दाबाने आत सोडतो आणि दुसरीकडून बाहेर काढतो. ते पाणी नेमकं याच भागाजवळून जातं, आणि तिथे पोटासारखं आम्ल नाही.

हे कागदावरचं भय नाही. 2011 साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन प्रौढांचा याच आजाराने मृत्यू झाला. दोघे वेगवेगळ्या घरांतले, आणि दोघेही नेतीपात्रात नळाचं पाणी घेऊन नाक धुवायचे. नंतर तपासणी झाली तेव्हा दोघांच्याही घरच्या नळांच्या पाण्यात हा अमीबा सापडला, पण सार्वजनिक पुरवठ्याच्या पाण्यात सापडला नाही. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. म्हणजे पुरवठा करणाऱ्यांचं काम चोख असलं तरी घरातल्या पाइपांत आणि टाक्यांत पाणी साठून राहतं, त्यातलं क्लोरीन हळूहळू संपतं आणि आतल्या भिंतींवर बुळबुळीत थर धरतो. त्या थरात हे जीव तग धरून राहतात.

म्हणूनच "गीझरचं पाणी कोमटच असतं, तेच घेतो" असं कोणी म्हणालं की मला जास्त काळजी वाटते. नेग्लेरिया साधारण 46 अंश सेल्सियसपर्यंतच्या उष्णतेत वाढू शकतो. नाक धुवायला कोमट पाणी बरं वाटतं, आणि तेवढ्याच उबेत तोही खूश असतो.

आता मिठाबद्दल. पुडीतलं मीठ आणि खायचा सोडा यांचं काम वेगळं आहे. साध्या पाण्यापेक्षा नाकाच्या आतल्या ओलाव्यात क्षार जास्त असतात, म्हणून नुसतं पाणी घातलं की आत झोंबतं. लिटरला सुमारे 9 ग्रॅम मीठ घातलं की पाण्याची खारटी शरीरातल्या द्रवांइतकी होते आणि झोंबणं थांबतं. सोड्याने ते आणखी सौम्य होतं. पण जी खारटी नाकाच्या नाजूक अस्तराला सोसते, तिने अमीबाही मरत नाही. जंतू मारायचे तर मीठ इतकं वाढवावं लागेल की ते तुम्हालाच सहन होणार नाही.

तुमच्या प्युरिफायरबद्दल सरळ सांगतो. आरओच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की अमीबा त्यातून जाऊ शकत नाही. अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी काही ठरावीक दर्जाचे फिल्टर नाक धुण्याच्या पाण्यासाठी मान्यही करते, उदाहरणार्थ ज्याची छिद्रं खात्रीने एक मायक्रॉन किंवा त्याहून लहान आहेत असा फिल्टर. मग आम्ही पुड्यावर तसं का छापत नाही? कारण पडद्यातून आलेलं पाणी पुढे यंत्राच्या टाकीत साठतं, मग तोटीतून येतं. कुठे सील झिजलेलं असतं, कुठे पडद्याची मुदत संपून वर्ष उलटलेलं असतं. बऱ्याच यंत्रांत कोळशाचा फिल्टर असतो. तो चव आणि वास सुधारतो, पण अमीबा अडवायला बनवलेलाच नसतो. तुमच्या स्वयंपाकघरातलं यंत्र आज कोणत्या अवस्थेत आहे हे इथे बसून मला कळणार नाही, आणि खरं म्हणजे पाण्याकडे बघून तुम्हालाही कळणार नाही. अमीबा असलेलं पाणी स्वच्छ दिसतं, त्याला वास नसतो, चवही बदलत नाही.

फिल्टरवर भिस्त ठेवण्याच्या संदर्भात सिएटलचं एक प्रकरण 2018 साली वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. 69 वर्षांच्या एका बाई सायनसच्या त्रासासाठी नाक धुवायच्या. पाणी नळाचं, पण घरगुती फिल्टरमधून गाळलेलं. नंतर त्यांच्या नाकावर लाल चट्टा उठला, तो त्वचेचा साधा आजार समजून उपचार झाले. वर्षभराने त्यांना फिट आली. स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली, ट्यूमर असेल असं वाटून शस्त्रक्रिया झाली, आणि ऊती तपासल्यावर बॅलामुथिया मँड्रिलॅरिस नावाचा वेगळा अमीबा निघाला. त्या वाचल्या नाहीत. त्यांच्या घरातलं पाणी वेळेत तपासलं गेलं नव्हतं, त्यामुळे संसर्ग तिथूनच आला हे सिद्ध झालेलं नाही. पण नाक धुणं हीच सर्वात संभाव्य वाट असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवलं.

असं क्वचितच होतं, हे मी लपवणार नाही. अमेरिकेत 1962 ते 2023 या काळात नेग्लेरियाच्या संसर्गाची 164 प्रकरणं नोंदली गेली, आणि त्यांतली बहुतेक पोहण्याशी संबंधित होती. पण त्या 164 पैकी वाचले फक्त चार. एकदा झाला की जवळजवळ कोणीच वाचत नाही असा आजार पातेलंभर पाणी उकळून टाळता येत असेल, तर त्या सूचनेचा आकार पुड्यावर कमी करायला मी तयार नाही.

सकाळच्या घाईचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यावर उपाय आहे: सकाळी उकळूच नका. रात्री जेवण झाल्यावर झाकणाच्या स्वच्छ पातेल्यात लिटरभर पाणी ठेवा. खळखळून उकळी आली की वेळ मोजायला लागा. सीडीसी एक मिनिट पुरेसं मानते, समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार मीटरपेक्षा उंच राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. औषधांवर देखरेख करणारी अमेरिकेची एफडीए तीन ते पाच मिनिटं सांगते. आम्ही पत्रकात पाच छापली आहेत, म्हणजे घड्याळाकडे थोडं दुर्लक्ष झालं तरी हरकत नाही. मग गॅस बंद करा आणि झाकण न काढता ते त्याच पातेल्यात रात्रभर राहू द्या. सकाळी एकेका नाकपुडीला सुमारे 240 मिली, म्हणजे दोन्हींना मिळून अर्धा लिटर लागेल. उरलेलं झाकून ठेवून संध्याकाळी वापरा. उकळल्यापासून 24 तास झाले की ते झाडांना घाला आणि नवीन उकळा.

इथे एक चूक मी वारंवार ऐकतो. पाणी गार करायची घाई होते, म्हणून अंघोळीला करतो तसं त्यात नळाचं गार पाणी मिसळलं जातं. त्या एका पेल्याने उकळण्याची सगळी मेहनत वाया जाते. उलट, सकाळी पाणी फार गार वाटलं तर त्याच उकळलेल्या पाण्यातलं थोडं वाटीत काढून गरम करा आणि परत त्यातच मिसळा. मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून बघा. ते गरमही लागू नये, गारही लागू नये.

दुसरी चूक बाटली धुण्यातली. नाकासाठी सगळं नीट केलं, पण शेवटी बाटली नळाखाली विसळली, तर आत थेंब राहतात आणि दिवसभर बंद बाटलीत जंतू वाढतात. म्हणून तीही उकळलेल्याच पाण्याने विसळा, झाकण काढा आणि पूर्ण सुकू द्या.

उकळायचं नसेल तर डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं पाणी आणा. पिण्याच्या पाण्याची सीलबंद बाटली म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. आणि बॅटरीत घालायचं पाणी कृपा करून घेऊ नका, ते शरीरासाठी बनवलेलं नसतं.

कोणाची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झाली असेल, किंवा नाकाची वा कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर नाक धुण्याआधी डॉक्टरांना विचारा. अशा लोकांना इतर अमीबांचाही धोका जास्त असतो.

आजवर तुम्ही प्युरिफायरचं पाणी वापरलं असेल, तर घाबरून जायचं कारण नाही, फक्त आजपासून थांबवा. नेग्लेरियाची लक्षणं साधारण 1 ते 12 दिवसांत दिसतात: अचानक जोराची डोकेदुखी, ताप, मळमळ किंवा उलट्या, मग मान आखडणं, गोंधळल्यासारखं वागणं. असं काही झालं तर घरी वाट न बघता लगेच रुग्णालयात जा, आणि "मी अमुक पाण्याने नाक धूत होतो" हे स्वतःहून सांगा. सुरुवातीला हा आजार इतर मेंदूज्वरासारखाच दिसतो, त्यामुळे तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या मनात ही शक्यता येणारही नाही.

एवढं वाचूनही रोज पाणी उकळणं जमणार नाही असं वाटलं, तर न उघडलेल्या पुड्या परत पाठवा. पूर्ण संचाचे पैसे आम्ही परत करू. नळाच्या किंवा प्युरिफायरच्या पाण्यात त्या वापरल्या जाण्यापेक्षा मला ते जास्त चालेल.