डावीकडून तिसरी कोण?

फोटो झकास आला होता. समूहनृत्य, आठ जणी एका रांगेत, आणि नवल म्हणजे एकीचेही डोळे मिटलेले नाहीत. अंकातलं पान ठरलं. राहिल्या फक्त फोटोखालच्या दोन ओळी, म्हणजे खरं काम.

आयोजकांना ईमेल केला : ‘कृपया कलाकारांची यादी पाठवावी.’ उत्तर तत्परतेने आलं, सोबत निमंत्रणपत्रिका. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सगळे पदांसकट हजर. कलाकारांच्या जागी एकच शब्द : ‘सहकलाकार’. कोणाचे सह, हे गुलदस्त्यात.

पुन्हा विनवलं, तेव्हा खरी यादी आली. नावं अकरा. फोटोत आठ जणी. विचारल्यावर कळलं की दोघे तबला-पेटीवाले, चौकटीबाहेर बसलेले, आणि एकीचा पाय ऐनवेळी मुरगळला होता. त्यात एकीचं नाव नुसतं ‘पिंकी’. आडनाव विचारलं तर म्हणे, ‘सगळे ओळखतात तिला.’ आणि क्रम? ज्या क्रमाने नावनोंदणी झाली, तो.

तरी फोटोतल्या क्रमाने नावं मागायचीही सोय नव्हती. ‘डावीकडून’ म्हटलं की मंचावर वावरणारा माणूस मंचावरून प्रेक्षकांकडे बघत आपली डावी बाजू धरतो. वाचणाऱ्याची ती उजवी. मग अख्खी रांग उलटी होते, आणि चूक दिसतही नाही, कारण प्रत्येकीखाली नाव असतंच, फक्त दुसरीचं. नऊ जणी असत्या तर मधली पाचवी तरी वाचली असती. आठांत एकही वाचत नाही. बरं, ‘कार्यक्रमात उभ्या होत्या तशा’ म्हणावं, तर नाचात पुढच्याच क्षणी फेर बदलतो.

शेवटी फोटोवरच प्रत्येकीच्या डोक्यावर आकडा टाकला आणि लिहिलं :

‘सोबतचा फोटो पाहावा. १ ते ८ आकड्यांपुढे त्या-त्या व्यक्तीचं नाव आणि आडनाव लिहावं, तिला छापून हवं तसं. पडताळ्यासाठी : १ नंबरच्या हातात टाळ आहेत, ८ नंबरचा गजरा सुटला आहे. एखादी ओळखू येत नसेल तर ती जागा कोरी ठेवावी, अंदाज नको. तबला-पेटीच्या साथीदारांची नावं वेगळी द्यावीत. गुरुवारी संध्याकाळी पान छपाईला जातं.’

‘अंदाज नको’ हे मुद्दाम लिहावं लागतं. कोरी जागा पाहिली की आपल्या माणसांना ती भरण्याची अनावर इच्छा होते.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. टाळवाली जुळली, गजरावालीही जुळली. पिंकीला आडनाव मिळालं, साथीदारांनाही न्याय मिळाला. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच खाली आणखी एक ओळ दिसली :

‘९. आमचे अध्यक्ष. फोटोत नाहीत, पण नाव राहू नये.’